सलाईन तेच, वय वेगळं: मास्लो आणि एरिक्सन वॉर्डात कसे वापरायचे

मास्लोच्या पायऱ्या आणि एरिक्सनचे आठ टप्पे परीक्षेत लिहायला कुणालाच अवघड जात नाही. अडतं ते वॉर्डात. केअर प्लॅन लिहिताना शारीरिक गरजांचा रकाना भरभरून लिहिला जातो आणि खाली ‘मानसिक आधार दिला’ एवढं एक वाक्य टाकून वही मिटते. विद्यार्थिनींच्या वह्या तपासताना मी या वाक्याखाली लाल रेघ मारते आणि विचारते, म्हणजे नेमकं काय केलंस? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘घाबरू नका असं सांगितलं, मॅडम.’

दोन्ही सिद्धांत वापरायचे तर दोघांना वेगवेगळं काम द्यावं लागतं. आधी काय करायचं, हे मास्लोला विचारायचं. तेच काम या वयाच्या माणसाशी कसं करायचं, हे एरिक्सनला विचारायचं. पेशंटच्या वागण्याचा अर्थ लावताना हा क्रम उलटला, तर पेशंटला धोका होऊ शकतो. तो कसा, ते पुढे दोन ठिकाणी येईलच.

पहिली पायरी: खालून वर तपासत जा

अब्राहम मास्लोने १९४३ साली एका लेखात गरजांची उतरंड मांडली: शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम आणि आपलेपणा, मानसन्मान, आणि शेवटी स्वतःतल्या क्षमतेला पूर्ण वाव मिळणं. त्या लेखात पिरॅमिडचं चित्र नाही. ते नंतर आलं. चित्रामुळे एक गैरसमज मात्र पक्का झाला, की खालची पायरी शंभर टक्के भरल्याशिवाय वरची गरज जागीच होत नाही. हा क्रम ताठर नाही, असं मास्लोने त्याच लेखात म्हटलं आहे. आपल्याला तर ते रोज दिसतं. एकादशीला डायबेटिसची गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आजी, किंवा घरी लहान मुलं आहेत म्हणून ताप अंगावर काढून ‘मला डिस्चार्ज द्या’ म्हणणारी आई, या खालच्या पायरीवर थांबलेल्या नसतात. म्हणून उतरंड वापरायची ती आपल्या कामाचा क्रम लावायला. पेशंटने कोणत्या क्रमाने इच्छा धराव्यात, हे ती सांगत नाही.

ड्युटीवर आल्यावर पेशंटजवळ जाऊन हा क्रम मनात लावायचा. श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, शुद्ध, शुगर, लघवी, शौच, दुखणं, झोप. मग सुरक्षितता: कठडे वर आहेत का, सलाईनची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, औषधाचा डोस बरोबर आहे का, आणि पेशंटला स्वतःला सुरक्षित वाटतंय का. या दोन पायऱ्यांवर काही बिघडलं असेल, तर वरच्या पायऱ्यांबद्दलचे सगळे अंदाज तात्पुरते बाजूला ठेवायचे.

दुसरी पायरी: वयाचा प्रश्न ओळखा

एरिक एरिक्सनने १९५० साली मांडलेल्या टप्प्यांमध्ये प्रत्येक वयाला एक ओढाताण आहे. वर्षदीड वर्षापर्यंत विश्वास की अविश्वास, तीनपर्यंत स्वायत्तता की लाज, सहापर्यंत पुढाकार की अपराधीपणा, बारापर्यंत काही करून दाखवण्याची जिद्द की न्यूनगंड. किशोरवयात ‘मी कोण’ याचा शोध, तरुणपणी जवळीक, मध्यम वयात पुढच्या पिढीसाठी काही करणं, आणि म्हातारपणी आयुष्याचा हिशेब समाधानाने मांडता येणं.

वयाचे आकडे ढोबळ आहेत. सतरा वर्षांची मुलगी लग्न होऊन बाळंतपणाला आली असेल, तर केसपेपरवरच्या वयावरून तिचा टप्पा ठरवता येत नाही. ‘मी कोण’ आणि ‘हे बाळ माझं’ हे दोन्ही प्रश्न तिच्यासमोर एकदम उभे असतात. त्यामुळे टप्पा पाठ करून चिकटवण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: आजारपणाने या माणसाच्या हातून त्याच्या वयाचं कोणतं काम हिसकावलं? दोन वर्षांच्या मुलाच्या हातून ‘माझं मी करणार’ हिसकावलं. शाळकरी मुलाच्या हातून शाळा, खेळ आणि परीक्षा. घर चालवणाऱ्या बाईच्या हातून घर.

तिसरी पायरी: काम तेच ठेवा, पद्धत बदला

हे समजायला शिरेत सुई घालून सलाईन लावण्याचं काम घेऊ. मास्लोच्या भाषेत ते सगळ्या वयांत एकाच पायरीवर आहे: शरीराला पाणी आणि औषध पोचवणं. लहान बाळाला साधारण २४ नंबरची पिवळी कॅन्युला, मोठ्या मुलाला आणि नाजूक शिरांच्या वृद्धाला २२ नंबरची निळी, मोठ्या माणसाला बहुधा २० नंबरची गुलाबी. याच्या पलीकडचं सगळं वयाप्रमाणे बदलतं.

नऊ महिन्यांच्या बाळाला सुई कळत नाही, आई दूर गेलेली कळते. ‘आई, तुम्ही बाहेर थांबा’ हे आपल्याकडचं सवयीचं वाक्य बाळाच्या वयाच्या कामावरच घाव घालतं. आईला आत घ्या. बाळाला तोंडाने द्यायला डॉक्टरांची मनाई नसेल आणि श्वासाचा त्रास नसेल, तर सुई घालताना आईला अंगावर पाजू द्या. त्याने बाळाचं दुखणं कमी होतं. आईला बघवत नसेल तर जबरदस्ती नको. आजी किंवा मावशी चालेल, चेहरा ओळखीचा हवा.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला चौघांनी पलंगावर आडवं दाबून धरणं हा आपल्या वॉर्डांतला सर्वांत मोठा दोष आहे, असं मला वाटतं. त्याला आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवा. आई त्याला मिठीत घेईल आणि एक सिस्टर फक्त तो हात स्थिर धरेल. मूल बसलेलं असलं की कमी झटापट करतं. निवड द्या, पण खरी द्या. ‘सुई टोचू का?’ असं विचारलं तर तो ‘नाही’च म्हणणार, आणि आपण तरी टोचणार, म्हणजे त्याच्या ‘नाही’ला किंमत नाही हे आपणच शिकवलं. त्यापेक्षा ‘पट्टीवर सूर्य काढू की मासा?’ असं विचारावं. शक्य तेवढं हे काम वेगळ्या खोलीत करावं. त्याचा पलंग ही जिथे कुणी टोचत नाही अशी एकमेव जागा राहू द्या. घरी शी-शू सांगणारं मूल वॉर्डात चड्डीत करू लागलं, तर ओरडू नये आणि आईलाही ओरडू देऊ नये. ताण ओसरला की ते परत येतं. फक्त लघवी करताना रडतं का, ताप आहे का, हे आधी पाहावं. इथेही पहिली पायरी आधी.

याच वयातली एक खूण लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये १९५०च्या सुमारास जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी आईपासून दूर ठेवलेल्या हॉस्पिटलमधल्या मुलांचं निरीक्षण केलं. आधी मुलं आक्रोश करतात, मग खचून गप्प होतात, आणि पुढे आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवतात. वॉर्डातल्या लोकांना दुसरा टप्पा सोयीचा वाटतो. ‘आता रुळलं बाळ’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते खचलेलं असू शकतं. खेळणं पुढे केलं तर हात येतो का, खातं का, नजर देतं का, यावरून फरक कळतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते. त्यात आपल्याकडची नेहमीची धमकी: ‘जेवला नाहीस तर सिस्टरला सांगून सुई टोचायला लावीन.’ हे ऐकू आलं की मी तिथल्या तिथे, मुलासमोरच सांगते, ‘मी कुणाला शिक्षा म्हणून सुई देत नाही. पोटात पाणी कमी झालंय, म्हणून नळी लावायची.’ या वयाला शब्द शब्दशः कळतात. ‘रक्त काढायचंय’ म्हटलं की सगळं रक्त जाणार असं वाटतं. सुई काढल्यावर चिकटपट्टी लावा, जखम एवढीशी असली तरी. भोकातून अंग रिकामं होईल ही त्याची भीती त्या पट्टीने मिटते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काम द्या. तो कोणत्या हाताने लिहितो हे विचारा आणि शक्य असेल तर दुसऱ्या हाताला लावा. टेप फाडून देणं, प्यायलेल्या पाण्याची नोंद ठेवणं, हे त्याला जमतं आणि आवडतं.

मोठ्या माणसांबद्दल थोडक्यात. तरुण आणि मध्यमवयीन पेशंटला सुईबद्दल फारसं समजवावं लागत नाही. त्यांचं मन घरी असतं. ‘घरी कोण आहे? काय अडलंय?’ हे सुई लावता लावता विचारून होतं, आणि त्या एका उत्तरावरून पेशंट डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी निघून जाणार की थांबणार हे बऱ्याचदा कळतं. वृद्धांची कातडी पातळ असते. पट्टा बाहीवरून, सैलसर बांधा. टेप ओढून काढू नका. कातडी सोलून येते. चष्मा आणि कानाचं यंत्र आधी लावा, मग बोला. आणि हाक कशी मारायची ते विचारा. ‘आजोबा’ हे आपल्याला मायेचं वाटतं, पण चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला ‘गुरुजी’ म्हटलं की तो ताठ होऊन बसतो.

एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शिकवण्यासाठी मी ही नमुना केस घेते. चौदा वर्षांची मुलगी, वजन ४० किलो. टाइप वन डायबेटिस होऊन दोन वर्षं झालेली. वर्षभरात तिसऱ्यांदा कीटोअॅसिडोसिस होऊन आली आहे: उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, शुगर ४८० मिलिग्रॅम.

पहिल्या तासात एरिक्सनचं नावही काढायचं नाही. डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे सलाईन, साधारण १० मिली दर किलोला म्हणजे ४०० मिली. इन्सुलिन लगेच सुरू होत नाही; सलाईन सुरू झाल्यावर किमान एका तासाने. मुलांमध्ये इन्सुलिनचा एकदम मोठा डोस शिरेतून देत नाहीत. तासाला ०.१ युनिट दर किलोला, म्हणजे हिला ४ युनिट. ५० मिली नॉर्मल सलाईनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन घातलं तर एका मिलीत एक युनिट येतं आणि पंप ताशी ४ मिलीवर लागतो.

इथे आपल्या देशातली एक खास चूक होते. इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट दर मिली आणि १०० युनिट दर मिली अशा दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: बहुधा लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. १००च्या बाटलीतून ४०च्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत २५ युनिट येतात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन सिस्टरनी मोठ्याने वाचून ताडायची. सुरक्षिततेची पायरी म्हणजे हेच.

मग दर तासाला शुगर, नाडी, श्वास, शुद्ध आणि लघवी. शुगर अडीचशे-तीनशेच्या आसपास आली की डॉक्टर सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज घालायला सांगतात. शुगर उतरली म्हणून इन्सुलिन आपणहून बंद करायचं नसतं, कारण कीटोन अजून जायचे असतात. पोटॅशियम रिपोर्ट आणि लघवी पाहून सलाईनमधून जातं, थेट शिरेत कधीच नाही.

समजा, सहाव्या तासाला मुलगी चिडचिड करू लागली. ‘मला हात लावू नका’ म्हणाली, पांघरूण डोक्यावर ओढलं. आई म्हणाली, ‘अशीच आहे ती, हल्ली फार तापट झालीय.’ किशोरवय, ओळखीचा शोध, बंडखोरी: सगळं पुस्तकात बसतं. आणि इथेच क्रम उलटण्याचा धोका आहे. कीटोअॅसिडोसिसच्या उपचारात मेंदूला सूज येऊ शकते, आणि तिची सुरुवात अशाच चिडचिडीने, डोकेदुखीने, गुंगीने, मंदावणाऱ्या नाडीने होते. पांघरूण काढून डोकं दुखतं का विचारायचं, बुबुळं पाहायची, नाडी मोजायची, नाव-दिवस विचारायचा आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं. या केसमध्ये नाडी, बुबुळं आणि शुद्ध ठीक निघाली, आणि डॉक्टरांनीही तपासून तसंच सांगितलं. मगच ‘ती चिडली आहे’ असं म्हणायला आपण मोकळे.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, पीएच ७.३च्या वर आला, तिने पेज मागितली, आणि आईला मोबाईल मागू लागली. मोबाईल मागणं ही मैत्रिणींची, म्हणजे आपलेपणाची गरज जागी झाल्याची खूण. वर चढायची वेळ आता आली.

आईला चहाला पाठवावं, तेही मुलीला आधी विचारून. मग सुरुवातीलाच हद्द सांगावी: ‘तू सांगशील ते मी तुझ्या परवानगीशिवाय घरी सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला सांगावंच लागेल.’ हे आधी सांगणं गरजेचं, कारण अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि नंतर सांगितलं तर विश्वास तुटतो.

‘इन्सुलिन का घेतलं नाहीस?’ हा प्रश्न विचारू नये. हा प्रश्न तिने शंभरदा ऐकलेला असतो आणि त्याचं उत्तर ‘विसरले’ हे ठरलेलं असतं. त्याऐवजी जागा विचारावी: ‘डब्याच्या सुट्टीत कुठे घेतेस?’ मग बाहेर पडतं: शाळेच्या संडासात. तिथे घाण असते, कडी लागत नाही. एकदा एका मुलीने सिरिंज पाहिली आणि वर्गात भलतंच पसरलं. शिवाय घरून ताकीद: कुणाला सांगू नकोस, पुढे लग्नात अडचण येईल. म्हणून दुपारचा डोस चुकतो, काही दिवस सकाळचाही. वजन कमी व्हावं म्हणून टाळतेस का, हेही सरळ विचारावं. या वयात ते कारण असतं आणि ते मुली आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता तिन्ही वेळा दाखल व्हावं लागण्याचं कारण कळलं. तिला ज्ञान कमी नव्हतं. डायबेटिस लपवला तरच आपण इतरांसारख्या, असं तिने ठरवलं होतं. अशा मुलीला इन्सुलिनचं महत्त्व चौथ्यांदा समजावून सांगणं म्हणजे चुकीच्या पायरीवर औषध देणं.

मग उपाय तिच्याबरोबर बसून काढायचे. डोस घ्यायची जागा: बाईंची खोली की प्रयोगशाळा, ती ठरवेल. कुणाला सांगायचं: एकच मैत्रीण, तिने निवडलेली, कारण शुगर ७०च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला कुणीतरी हवं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता मोठ्यांना बोलवायला. पेन वापरता येईल का, वेळा बदलता येतील का, हे डॉक्टरांना तिने स्वतः विचारायचं. आपण राऊंडला शेजारी उभं राहायचं. आईशी वेगळं बोलावं. तिची भीती खोटी नाही, मुलीच्या लग्नाची काळजी हे तिच्या वयाचं काम आहे. पण लपवण्याची किंमत तीन वेळा वॉर्डात मोजून झालीय, हे तिच्यापुढे आकड्यांत ठेवावं.

लिहायचं कसं

‘मानसिक आधार दिला’ याऐवजी जे दिसलं, जे केलं आणि जे दिसायला हवं, ते लिहा. या केसमध्ये नोंद अशी होईल: ‘शाळेत इन्सुलिन घ्यायला खाजगी जागा नसल्याने व आजार लपवायचा असल्याने दुपारचा डोस चुकतो. डिस्चार्जपूर्वी मुलगी स्वतः दोन डोस बरोबर ओढून घेईल. शाळेत कुठे घेणार व कोणाला सांगणार ते स्वतः सांगेल.’ हे झालं की नाही ते दुसऱ्या ड्युटीच्या सिस्टरला तपासता येतं. तिने विश्वासाने सांगितलेलं मात्र सगळं केसपेपरवर चढवू नये. तो नातेवाईकांच्या हातात फिरतो.

म्हातारपणी हीच चूक उलट्या चेहऱ्याने येते

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या पंचाहत्तरीच्या आजी तिसऱ्या दिवशी गप्प होतात, जेवण ढकलतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. ‘निराशा’ हा शब्द तयारच असतो, आणि शांत पेशंट म्हणून हॅण्डओव्हरमध्ये त्यांचं कौतुकही होतं. पण बदल एक-दोन दिवसांत आला असेल, सकाळी बऱ्या आणि संध्याकाळी गोंधळलेल्या असं वरखाली होत असेल, लक्ष टिकत नसेल, तर तो डिलिरियम समजून डॉक्टरांना कळवा. आठवड्याचे वार उलट म्हणायला सांगा. मध्येच धागा सुटतो का बघा. ऑक्सिजन, शुगर, ताप, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेली शौच, दुखणं आणि नवीन सुरू झालेली गोळी हे सगळं तपासा. पोटावर हात ठेवला की भरलेली पिशवी कित्येकदा हाताला लागते.

हे सगळं ठीक निघालं आणि आजी तरी गप्पच असल्या, तर त्यांच्याजवळ बसा. ‘आता मी कुणाच्या कामाची?’ हे वाक्य बहुधा तेव्हा येतं. ‘असं बोलू नका’ म्हणून ते बंद करू नये. हात कशाने चालत होते ते विचारावं: शेत, शिवण, गोधड्या, नातवंडं. एका आजींना मी वॉर्डातल्या सुती पट्ट्या गुंडाळायला दिल्या होत्या. त्यासाठी त्या उठून बसल्या. फिजिओथेरपिस्टला दोन दिवस ते जमलं नव्हतं.